सहा काळे, चार पांढरे
(लातूरमधल्या एका महाविद्यालयाच्या गुंतवणूक मंडळासमोर दिलेलं छोटं व्याख्यान)

मला बोलावताना तुमच्या मंडळाच्या मुलानं फोनवर विचारलं होतं, "सर, शेअर कधी घ्यायचा, कधी विकायचा याचा सगळ्यात भरवशाचा सिग्नल कोणता, तेवढं सांगा." मी म्हटलं, येताना पिशवी घेऊन येतो. ही ती पिशवी. हिच्यात दहा चिंचोके आहेत. सहा जसेच्या तसे, काळपट. चार काल रात्री ओट्याच्या फरशीवर घासून पांढरे केलेत. बोटांचं कातडं निघालं, पण सिग्नल तयार झाला.

हा सिग्नल वाईट नाही बरं का. काळा निघाला तर लावलेले पैसे गेले. पांढरा निघाला तर लावल्याच्या दुप्पट नफा. शंभर रुपये लावून दहा वेळा खेळलात, तर सरासरीनं सहाशे जातील आणि आठशे येतील. म्हणजे दोनशे शिल्लक. भाव आधीची उंची ओलांडून वर जातो तो ब्रेकआउट घ्या, नाहीतर दोन मूव्हिंग अॅव्हरेजचा क्रॉसओव्हर, म्हणजे सरासरी भावाच्या दोन रेघांनी एकमेकींना छेदणं घ्या, ट्रेंडच्या मागं जाणाऱ्या पद्धतींचा स्वभाव साधारण असाच असतो. चुकायचं जास्त वेळा, पण बरोबर आलं की मोठं कमवायचं. बाजार आडवा चालला की क्रॉसओव्हर वर तोंड दाखवतो, चार दिवसांनी खाली तोंड दाखवतो, आणि दोन्ही वेळा तुमच्या खिशातनं घेऊन जातो. त्यात चार्टचा दोष नाही. त्याचं कामच तसं.

आता दोघं जण पुढं या. दोघांनाही लाख-लाख रुपये दिले, फळ्यावरचे. ही मुलगी दर वेळी हातात असलेल्या पैशाच्या २ टक्के लावणार. हा मुलगा म्हणतो, सर, मी पाव हिस्सा लावतो. लाव बाबा. चिंचोका एकच काढायचा, दोघांना तोच लागू. म्हणजे सिग्नल एक, बाजार एक, दिवस एक. काढलेला परत पिशवीत टाकायचा.

काळा. पांढरा. मग काळा, काळा, काळा, काळा. (हसू नका, बाजारात असंच होतं.) पांढरा. काळा. पांढरा. पांढरा. योगायोगानं बरोबर सहा काळे, चार पांढरे आले. पिशवीनं दिलेला शब्द पाळला.

हिशेब बघा. मुलीकडं झाले १,०३,६०० च्या आसपास. पाव हिस्सा लावणाऱ्याकडं राहिले ९०,१००. सिग्नल नफ्याचा होता आणि तो तोट्यात गेला! हातचलाखी नाही, गुणाकार आहे. पाव गेला की लाखाचे ७५,००० होतात, आणि ते परत लाखावर आणायला २५ नाही, ३३ टक्के लागतात. त्याचा रस्ताही बघा: ७५,००० वर आला, मग १,१२,५०० वर गेला, तिथं त्याच्या तोंडावर हसू आलेलं मी बघितलं. आणि तिथनं चार काळ्यांत घसरून ३५,६०० वर. मुलगी त्याच वेळी ९४,००० वर होती.

गणिताला क्रमाचं काही वाटत नाही. चार पांढरे आधी आले असते तरी शेवटचा आकडा ९०,१०० च राहिला असता. पण माणसाला वाटतं. लाखाचे ३५,६०० झाल्यावर पुढचा चिंचोका काढायला हात धजेल का? बहुतेक जण तिथंच म्हणतात, हा सिग्नल बेकार. दुसरा शोधतात, आरएसआय या चार्टवरच्या मोजमापाचे दिवस १४ चे ९ करून बघतात, टेलिग्रामवर कुणाचं तरी चॅनल धरतात. आणि इथं त्यानंतर निघालेल्या चार चिंचोक्यांत तीन पांढरे होते.

बेल लॅब्जमधल्या जॉन केली नावाच्या माणसानं १९५६ साली, दर वेळी किती हिस्सा लावावा यावरच एक सूत्र मांडलं. आपल्या पिशवीला ते लावलं तर उत्तर येतं १० टक्के. त्याच्यापुढं लावाल तसा धोका वाढतो आणि वाढ मात्र कमी होते. २० टक्क्यांच्या आसपास वाढ शून्यावर येते, त्यापुढं चांगला सिग्नलही बुडवतो. मग १० टक्के लावू का? याच दहा चिंचोक्यांत १० टक्केवाला १,१०,२०० वर संपला असता, पण मधे ७०,९०० बघून. शिवाय पिशवीत चार पांढरे आहेत हे मला माहीत आहे, कारण मीच घासलेत. शेअरच्या चार्टमागं किती पांढरे आहेत हे कुणालाच ठाऊक नसतं. मागच्या तीन वर्षांच्या आकड्यांवर चार दिसले, तर पुढं तीनच निघू शकतात, आणि तीन निघाले तर तीस टक्के वेळा बरोबर येणारा, दुप्पट देणारा हा सिग्नल मुळातच तोट्याचा. म्हणून चालणारी माणसं १-२ टक्क्यांत राहतात. ती भित्री नसतात, त्यांना पिशवीच्या आत दिसत नसतं एवढंच.

तुम्ही म्हणाल, पाव हिस्सा कोण लावतो? तुम्हीच लावता, फक्त तसं दिसत नाही.

एक शेअर घेऊ, नाव नको. ४२० ला ब्रेकआउट झाला. अलीकडचा तळ ३९९, म्हणून स्टॉप लॉस ३९८ ला, म्हणजे भाव तिथवर पडला की विकून मोकळं व्हायचं. एका शेअरमागं धोका २२ रुपये. आता भांडवल लाख, आणि चुकलो तर जास्तीत जास्त १ टक्का, म्हणजे १,००० घालवायचे. हजाराला २२ नं भागा: ४५ शेअर. किंमत होते १८,९००. सगळ्यांची तक्रार इथंच सुरू होते, की सर, उरलेले ८१,००० काय नुसते पडू द्यायचे? मग पोरगं सगळ्या लाखाचे घेतं, २३८ शेअर. स्टॉप तोच, पण आता धोका ५,२०० वर गेला. आणि अॅपमध्ये एमटीएफचं, म्हणजे उधारीवर शेअर घ्यायचं बटण असतं. काही शेअरला चौपटीपर्यंत मिळतं, बाकीचे पैसे ब्रोकर व्याजानं देतो. दाबलं बटण: ९५२ शेअर, धोका २०,९०० च्या वर. म्हणजे भांडवलाच्या २१ टक्के. मघाच्या पाव हिश्श्याच्या शेजारीच येऊन बसलात की नाही? चार्ट तोच, सिग्नल तोच, स्टॉपही लावलेला. फक्त शेअर किती घ्यायचे हा आकडा चार्टनं दिला नाही, बटणानं दिला.

क्रम उलटा करायचा, एवढंच सांगायला मी इथवर आलो. आधी स्टॉप कुठं, मग चुकलो तर किती रुपये, आणि शेवटी भागाकारानं शेअर किती. स्टॉपची जागा चार्टवरनं ठरते, खिशावरनं नाही. ४५ च्या ऐवजी ९० घ्यायचे म्हणून स्टॉप ४०९ वर ओढला, तर तो रोजच्या चढउतारातच उडेल. तो शेअर दिवसाला सहज दहा-बारा रुपये हलत असेल, तर ११ रुपयांचा स्टॉप म्हणजे वाऱ्यात लावलेला दिवा.

माझं सांगतो. सुरुवातीच्या काळात एक शेअर घेतला, स्टॉप मनात होता, लावलेला नव्हता. भाव तिथं आला तेव्हा मी म्हटलं, आणखी दोन रुपये खाली बघू. मग म्हटलं, एवढा पडलाय तर अजून थोडे घेऊन सरासरी खाली आणू. आमच्या वडिलांना सोयाबीनचं मी असंच करताना बघितलं होतं, भाव येईल म्हणून पोती घरात ठेवायची. पण पोतं घरात असतं, ते उधारीवर घेतलेलं नसतं. माझं होतं. शेवटी मी विकलं नाही, ब्रोकरनं विकलं, उधारीमागं ठेवायची आपली रक्कम, म्हणजे मार्जिन, कमी पडलं म्हणून. सहा महिन्यांनी तो शेअर माझ्या खरेदीच्या वर होता. चार्ट बरोबर होता हो, मीच तिथं नव्हतो.

स्टॉप लावला म्हणजे सुटलो असंही नाही. तुमच्यातल्या काहींना ४ जून २०२४ आठवत असेल, लोकसभेच्या निकालाचा दिवस. आदल्या दिवशी, ३ जूनला, एक्झिट पोलवर निफ्टी तीन टक्क्यांहून जास्त उसळून २३,२६० च्या वर बंद झाला होता. त्या संध्याकाळचा चार्ट बघा: विक्रमी उंची, मोठी हिरवी कॅन्डल, सगळे सिग्नल खरेदीचे. दुसऱ्या दिवशी तोच निफ्टी जवळजवळ सहा टक्के पडून २१,८८० च्या आसपास बंद झाला. आणि ७ जूनला परत २३,२९० वर! म्हणजे ३ जूनची खरेदी चार दिवसांत बरोबर ठरली. पण चौपट उचलून बसलेल्याचं एका दिवसात २४ टक्के भांडवल गेलं, आणि मार्जिन भरलं नाही तर सौदा तिथंच कापला गेला. ७ जून त्याच्यासाठी आलाच नाही.

बातमी रात्रीत आली तर आपला शेअर ४२० वरनं सकाळी ३८० लाच उघडतो, यालाच गॅप म्हणतात. ३९८ ला घेणारा कुणी नसतोच. स्टॉपची ऑर्डर लिमिटची, म्हणजे ठरलेल्या भावाच्या खाली न विकणारी असेल तर ट्रिगर होऊनही नुसती पडून राहते, खाली भाव पळत राहतो. बाजारभावाची असेल तर ३८० च्या आसपास विकली जाते. तोटा शेअरमागं २२ नाही, ४०. आपल्या ४५ शेअरवाल्याचे १,८०० गेले. ठरवल्यापेक्षा जास्त, पण घास घशाखाली उतरतो. ९५२ वाल्याचे ३८,०८०. स्टॉप हा नकाराधिकार नाही, विनंती आहे. खरा बंदोबस्त शेअरच्या संख्येत असतो, कारण ती तुम्ही आदल्या दिवशीच ठरवलेली असते.

आणखी एक, पटकन. पाच बँकांत एकाच दिवशी पाच सिग्नल आले आणि प्रत्येकात १ टक्का धोका घेतला, तर तो पाच ठिकाणी वाटलेला धोका नाही. एकाच ओढ्याकाठची पाच वावरं आहेत ती. पूर आला की पाचही जातात.

*(शेवटी एका विद्यार्थ्यानं विचारलं: "सर, माझ्याकडं वीसच हजार आहेत. एक टक्क्यानं काय होणार?")*

एक टक्का म्हणजे २०० रुपये. भागिले २२. नऊ शेअर. पांढरा निघाला तर शेअरमागं ४४ रुपये, म्हणजे ३९६. त्यातनं एसटीटी, विकताना डीपीचा आकार वगैरे जाऊन साडेतीनशेच्या वर काहीतरी उरेल. काळा निघाला तर दोनशेचे सव्वादोनशे-अडीचशे जातील. छोट्या भांडवलाला हा खर्च टोचतो, खोटं सांगत नाही. तरी नऊच घे. वहीत प्रत्येक सौद्यापुढं रुपये लिहू नकोस, धोक्याच्या किती पट आले ते लिही: उणे एक, अधिक दोन, आणि उणे १.८ आला तर तोही लिही, गॅपनं गेला म्हणून. पन्नास ओळी भरल्या की बेरीज कर. बेरीज उणे आली तर तुझी पिशवी खराब आहे, आणि ती नऊ शेअरवर कळली. अधिक आली तर मला फोन कर, मी ती वही बघायला परत लातूरला येईन. चिंचोके इथंच ठेवून जातो, मोजून दहा आहेत.