यमकाच्या आधी निमंत्रण

(फोंड्यातील एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

मंडळी, नमस्कार. विषय लग्नपत्रिकेवरच्या दोन ओळींचा आहे. त्यात मला मुख्यतः एकच गोष्ट सांगायची आहे, यमक ओढूनताणून येतंय असं वाटलं की ते सोडावं कधी आणि कसं. पण त्याआधी एक हकीकत सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय पुढचं पटणार नाही.

आमच्या वाड्यावरचे एक शेजारी लेकीच्या लग्नाची पत्रिका घेऊन माझ्याकडे आले. मी बरीच वर्षं मुद्रितं तपासायचं काम केलं, त्यामुळे पत्रिका छापायला जाण्याआधी माझ्या ओसरीवरून जाते. वर कुलदेवतेचं नाव, खाली मुहूर्त, स्थळ, सगळं नीट होतं. मध्ये त्यांनी स्वतः रात्र जागून केलेल्या दोन ओळी होत्या :

शांतादुर्गा मातेच्या कृपेने जुळले हे लग्न,
आपल्या उपस्थितीने होऊ आम्ही आनंदात मग्न.

मी वाचलं आणि गप्प बसलो. तेच म्हणाले, ‘भाई, काहीतरी अडतंय ना?’ अडत होतंच. आणि नेमकं कुठे, ते बघण्यासारखं आहे.

‘लग्न’ हा शब्द ओळीच्या शेवटी ठेवला की माणूस कोंडीत सापडतो. त्याला जुळणारे शब्द मोजून बघा : मग्न, भग्न, नग्न. यातले दोन पत्रिकेवर चालणारच नाहीत. (हसा, हसा, पण घरी जाऊन चौथा सापडला तर मला जरूर कळवा.) उरला ‘मग्न’. म्हणजे दुसरी ओळ त्यांनी लिहिलीच नव्हती, ‘लग्न’ या शब्दाने ती आधीच लिहून ठेवली होती. आणि अर्थ काय झाला? पाहुणे येणार आणि यजमान आनंदात मग्न! मग पाहुण्यांना बसायला खुर्ची कोण देणार? बरं, पहिल्या ओळीत सोळा अक्षरं, दुसरीत अठरा. ‘आनंदात’ शब्द घुसवावा लागला, कारण नुसतं ‘मग्न’ उघडं पडत होतं. ओळ अशी फुगली की समजावं, यमकाने शब्द मागून घेतलेत.

मी त्यांना म्हटलं, कागद बाजूला ठेवा. तुम्ही उद्या पत्रिका घेऊन लोकांच्या दारात जाल, तेव्हा तोंडाने काय म्हणाल? ते लगेच म्हणाले, ‘सगळ्यांनी येवपाक जाय. सगळ्यांनी.’ मग म्हणाले, अक्षतांच्या वेळी धावत येणारे नकोत, आधी या, मांडवात बसा, आमची माणसं आहात. बघा, ‘उपस्थिती’ हा शब्द त्यांच्या तोंडून एकदाही आला नाही. ओढून आणलेलं यमक ओळखायची माझी कसोटी हीच. ओळ दारात उभं राहून बोलून बघायची. जो शब्द बोलताना आलाच नसता, तो यमकासाठी आलेला असतो. ‘येई’, ‘पाहे’, ‘असे’ अशी जुनी रूपंही बहुधा त्याच वाटेने येतात.

आता त्यांच्या बोलण्यातला भाराचा शब्द कुठला? ‘सगळ्यांनी’. तो मी ‘सारी’ असा घेतला आणि दुसऱ्या ओळीच्या अगदी शेवटी ठेवला. मग त्याला जुळणारा शब्द पहिल्या ओळीसाठी शोधला. लोक उलटं करतात, पहिली ओळ हौसेने लिहितात आणि दुसरीत अडकतात. पण कानाला ओढाताण कळते ती नंतर आलेल्या शब्दात. पहिला शब्द थोडा आडवळणाचा असला तरी खपतो, कारण त्या क्षणी ऐकणाऱ्याला अजून यमक ठाऊकच नसतं. आपल्या बायका उखाण्यात हेच करतात. पहिल्या ओळीत चांदीचं ताट, सोन्याची वाटी काहीही येऊ दे, सांगायचं ते नाव दुसऱ्या ओळीत येतं आणि कुणाला काही खटकत नाही.

‘सारी’ला काय जुळतं? तयारी, सुपारी, भारी, वारी, दारी. ‘घरी’ही मनात आलं होतं, पण ‘घरी’ आणि ‘सारी’ यांत फक्त ‘री’ सारखी, तिच्या आधी एकात अ, दुसऱ्यात आ. डोळ्याला जुळतं, कानाला अर्धं राहतं. ‘सुपारी’वर मी बराच वेळ रेंगाळलो, आपल्या कुळागरातली वस्तू ना! पण सुपारीबद्दल त्यांना काहीच म्हणायचं नव्हतं. ‘दारी’ मात्र त्यांच्याच दारातलं होतं, मांडव तिथेच पडायचा होता. मग हे झालं :

शांतादुर्गेच्या कृपेने मांडव पडला दारी,
अक्षतांच्या आधी यावी आपली माणसे सारी.

आठ-आठ अक्षरांवर थांबा, दोन्ही ओळी सोळाच्या. जोडाक्षर एकच धरायचं. ‘मांडव’मधला शेवटचा अ आपण बोलताना गिळतो, म्हणून दुसरा तुकडा कानाला किंचित आखूड लागतो. तेवढं मी चालवून घेतलं.

पुढे काय झालं? छापखान्याने वेलबुट्टी एवढी रुंद घेतली की ओळ मावेना. ‘मांडव पडला’वर ओळ तुटली आणि ‘दारी’ एकटं खालच्या ओळीत. यमक गेलं! मी स्वतः जाऊन दोन्ही ओळी मिळून चार तुकड्यांत लावून घेतल्या, प्रत्येक तुकडा आठ अक्षरांचा. तुमच्या पत्रिकेचं मुद्रित आलं की शब्दांबरोबर ओळ कुठे तुटते तेही बघा, अगदी विनंती आहे.

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत. मुख्य मुद्दा राहिलाच, तो पटकन सांगतो.

यमक सोडावं कधी? एक, दोन्ही ओळींचा शेवट नुसत्या प्रत्ययाने जुळत असेल तेव्हा. ‘कृपेने’ आणि ‘उपस्थितीने’ यांत यमक नाही, एकच ‘ने’ दोनदा आलाय. दोन, सांगायचा शब्द ‘लग्न’सारखा एकाकी असेल तेव्हा. मग त्याला ओळीच्या मध्ये न्या, शेवट दुसऱ्याला द्या. आणि तेही जमत नसेल तर आपल्याकडे ओवी आहे. इंग्लंडहून आलेल्या फादर स्टीफन्सनी गोव्यात बसून क्रिस्तपुराण लिहिलं, १६१६ साली ते राशोलला छापलं गेलं, आणि तेही ओवीत. ओवीचे पहिले तीन चरण जुळतात, चौथा आखूड आणि मोकळा. ज्या शब्दाला जोडीदार नाही, त्याची जागा तिथे. अक्षरांचंही तिला फार बंधन नाही. त्याच शेजाऱ्यांचं निमंत्रण ओवीत असं होईल :

मांडव पडला दारी,
चालली आहे तयारी,
यावी माणसे सारी,
लग्नाला.

बघा, ‘लग्न’ परत आलं, आणि ‘मग्न’ची गरज पडली नाही.