दोन समेशन की एकच गळकी बादली?

न्यूरॉनचं रेस्टिंग पोटेन्शियल उणे ७० मिलिव्होल्ट, थ्रेशोल्ड साधारण उणे ५५, हे तुम्हाला पाठच आहे, त्यामुळे थेट माझ्या जुन्या दुखण्याकडे येतो. कॉलेजात असताना पेपरात प्रश्न आला होता, "टेम्पोरल आणि स्पेशियल समेशनमधला फरक लिहा, ५ मार्क". मी शहाणपणा करून लिहिलं की पेशीला हा फरक कळतच नाही, तिच्या दृष्टीने सगळी एकच बेरीज. मिळाला १ मार्क! तोही बहुतेक अक्षराचा. (हसताय तुम्ही, पण ते दोन कॉलमचं टेबल अजून माझ्या डोक्यात जातं.)

आता बघा. समजा एका सिनॅप्सचा ईपीएसपी ६ मिलिव्होल्टचा आहे. खरा बहुतेक वेळा १ पेक्षाही लहान असतो, पण मग इथे रात्र होईल. थ्रेशोल्डला हवेत १५. तीन सिनॅप्स एकदम आले तर १८ झाले, पेशी फायर, हे झालं स्पेशियल. आता एकच सिनॅप्स पुन्हापुन्हा वाजवा, हे टेम्पोरल. मेंब्रेन गळकी बादली आहे, टाइम कॉन्स्टंट १० मिलिसेकंद धरला तर तेवढ्या वेळात ६ मधले २.२ च उरतात, त्यात नवे ६ घातले की ८.२, मग ९, आणि पुढे दिवसभर ओतत बसलात तरी साडेनऊच्या वर काही जात नाही! म्हणजे नुसतं "वारंवार आलं की फायर होतं" हे अर्धसत्य आहे.

गॅप २ मिलिसेकंदांवर आणा. ६, मग १०.९, मग १४.९. अरे, हुकलं! चौथ्याला १८ पार, फायर. आणि ते तीन "एकदम" आलेले सिनॅप्स, त्यांच्यातही २ मिलिसेकंदांची गॅप पडली तर तेही १४.९ लाच अडकणार की! मग सांगा, ते स्पेशियल का टेम्पोरल?

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. म्हणजे ज्यासाठी बोलावलंत ते आता पळवतो. ही साधी बेरीजही पूर्ण खरी नाही, कारण ईपीएसपीला ढकलणारा जोर शून्य मिलिव्होल्टपासूनच्या अंतरावर असतो, त्यामुळे एकाच डेन्ड्राइटवर शेजारी-शेजारी दोन सिनॅप्स आले की पहिल्याने ते अंतर कमी केलेलं असतं आणि दुसऱ्याला कमी मिळतं, वेगवेगळ्या फांद्यांवर असतील तर हे नुकसान कमी. लांबच्या फांदीवरून येताना गळतीही जास्त, आणि निकाल लागतो अ‍ॅक्सॉन जिथे सुरू होतो तिथे, सोडियम चॅनल तिथे दाट आहेत म्हणून.

आणि इन्हिबिशन! सोमाजवळच्या गाबा सिनॅप्सला क्लोराइड चॅनल असतात, त्यांचं रिव्हर्सल रेस्टिंगच्या आसपासच असेल तर रेकॉर्डिंगमध्ये रेघ हलतही नाही, पण बादलीचं भोक मोठं होतं. म्हणून रेघ सपाट दिसली की "इथे काही नाही" म्हणू नका, त्याच वेळी एक ईपीएसपी देऊन बघा, तो खुजा आणि आखूड आला तर इन्हिबिशन चालू आहे. दुसरी चिठ्ठी आली. घ्या प्रश्न.