मीटरवर ४१४, बिलात १६,५८०

हा बघा फॅक्टरीचा मीटर. गेल्या महिन्याच्या १ तारखेला याच्यावर ३४८२.६ होतं, आज ३८९७.१ आहे. वजाबाकी केली की येतात ४१४.५. आणि बिलात युनिट लिहिलेत १६,५८०. पहिल्यांदा बघणारा दचकतोच, अरे हे कुठून आले! तर बिलाच्या एका कोपऱ्यात छोटासा आकडा असतो, एमएफ ४०. मल्टिप्लाइंग फॅक्टर, म्हणजे गुणक. ४१४.५ गुणिले ४०, झाले १६,५८०.

आता हे ४० का, ते बघू. घरच्या मीटरमधून आपला सगळा करंट सरळ आरपार जातो, पण इथे केबलमधून शंभर-दीडशे अँपिअर वाहतात, ते मीटरच्या आतून न्यायचे नसतात, म्हणून प्रत्येक फेजच्या केबलवर एक जाड कडं बसवतात, तेच सीटी, करंट ट्रान्सफॉर्मर. त्याच्या पट्टीवर लिहिलंय २००/५. केबलमधून २०० अँपिअर गेले की कड्याच्या बारीक वायरीतून ५ येतात, म्हणजे ४० पट कमी. मीटर बिचारा ती बारीक वायरच मोजतो, त्याला बाहेर किती मोठी केबल आहे ते माहीतच नसतं. त्याने मोजलेलं आपण परत ४० पट करायचं, बस. हाय टेन्शनला व्होल्टेजसुद्धा पीटी, म्हणजे पोटेन्शियल ट्रान्सफॉर्मर, लावून कमी केलेलं असतं, तिथे तो रेशोही गुणायचा.

पण थांबा, एक गोष्ट लोक विसरतात. काही मीटरमध्ये सीटीचा रेशो आतच भरलेला असतो. समजा मीटरमध्ये १००/५ भरलंय, तर तो स्वतःच २० ने गुणून दाखवतो, आणि बाहेर सीटी २००/५ चा असेल तर एमएफ ४० नाही, फक्त २ राहतो, कारण ४० भागिले २०. म्हणून नुसती सीटीची पट्टी वाचून एमएफ ठरवू नका, मीटरवर काय लिहिलंय तेही बघा.

आता खरी गडबड कुठे होते ते सांगतो. फॅक्टरीने लोड वाढवला, जुने १००/५ चे सीटी काढून २००/५ चे बसवले, मीटर तोच ठेवला, आणि बिलाच्या सिस्टीममध्ये एमएफ २० चा २०च राहिला. मशीन तेवढ्याच चालल्या तरी रीडिंगचा फरक एकदम निम्म्यावर येतो, कारण आता त्याच करंटला बारीक वायरीत अर्धेच अँपिअर येतात. ४१४.५ गुणिले २०, बिल निघतं ८,२९० युनिटचं. मालक खूश, बिल कमी आलं म्हणून! पण वापर तर १६,५८० चाच झालाय ना, उरलेले ८,२९० युनिट दर महिन्याला साठत जातात आणि चूक सापडली की थकबाकी म्हणून एकदम अंगावर येतात. पॉवर फॅक्टर बघून हे कळत नाही बरं का, कारण तो kWh आणि kVAh चा भागाकार, दोन्हींना गुणक तोच, म्हणून तो कापला जातो. मॅक्सिमम डिमांड, म्हणजे महिन्यातली सगळ्यात जास्त मागणी, मात्र चुकते, तिलाही एमएफ लागतो.

मग कसं ओळखायचं? सील लावलेली पेटी उघडायची नाही, आणि सीटीची वायर चालू लाईनवर सोडायची तर अजिबातच नाही, तिथे जीवघेणं व्होल्टेज तयार होतं. आपण आपल्या मेन पॅनलवर, जिथून कपॅसिटर वेगळे निघतात त्याच्या आधी, येणाऱ्या केबलला क्लॅम्प मीटर लावायचा. हे बघा, आर फेजला ९६ अँपिअर. आता मीटरचं बटण दाबत आर फेजच्या करंटवर जायचं, तिथे २.४ दिसतंय. ९६ भागिले २.४, आले ४०. बिलात ४० असेल तर बरोबर. मीटरवर ४८ दिसले असते तर एमएफ २, आणि थेट ९६ दिसले असते तर एमएफ १. लोड सारखा हलतो, म्हणून दोघांनी एकाच क्षणी आकडे वाचायचे, आणि तिन्ही फेजला करायचं. दोन फेज जुळले आणि तिसऱ्याला मीटर शून्य दाखवत असेल तर दोष गुणकात नाही, त्या सीटीची वायर तुटली असेल किंवा सीटीच शॉर्ट झाला असेल.

आणि सीटी महिन्याच्या मधेच बदलला असेल तर त्या दिवसाचं रीडिंग हवंच, दशांशासकट. बदलण्याआधीचा फरक गुणिले २०, नंतरचा फरक गुणिले ४०, मग बेरीज. ते मधलं रीडिंग सीटी बदलतानाच कागदावर लिहून दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या, एक फोटोही काढून ठेवा, आकडा आणि तारीख दोन्ही दिसतील असा.