आधीच्या कंपनीचा पगार नेमका कुठल्या ओळीतला?

मंडळी, वर्षाच्या मध्ये रुजू झालेल्या कर्मचाऱ्याचा आधीच्या कंपनीतला पगार आपल्या टीडीएसच्या हिशेबात धरायचा, तर कागद कोणता मागायचा, त्यातून आकडे कोणते उचलायचे आणि ते तपासायचे कसे, असे तीन भाग आज करायचे ठरले आहे. पण मधला भाग माझ्या फार जवळचा आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

2025-26 मधली गोष्ट. एक मुलगी 1 ऑक्टोबरला आमच्याकडे रुजू झाली. आधीच्या कंपनीत सहा महिने, महिना 1,20,000, म्हणजे 7,20,000. तिथे 44,070 टीडीएस कापलेला. आमच्याकडे महिना 1,50,000, म्हणजे मार्चपर्यंत 9,00,000. दोन्हीकडे नवी करप्रणाली. तिने 12बी भरून दिला आणि सोबत जुन्या कंपनीचा कर-गणनेचा तक्ता जोडला. इतके नीट कागद देणारे माणूस विरळाच, हे इथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे!

आमच्या पेरोलमधल्या मुलाने तक्त्याची शेवटची ओळ पाहिली, ‘पगाराखालील करपात्र उत्पन्न 6,45,000’, आणि तोच आकडा सॉफ्टवेअरमध्ये ‘मागील मालकाचा पगार’ म्हणून टाकला. चूक कुठे झाली, सांगा बरं? त्या 6,45,000 मधून 75,000 चे स्टँडर्ड डिडक्शन आधीच वजा झाले होते. आमचे सॉफ्टवेअर दोन्ही पगारांची बेरीज करून पुन्हा 75,000 वजा करते. ही वजावट माणसाला वर्षातून एकदाच मिळते, मग नोकऱ्या कितीही बदला.

आता हिशेब पाहा. खरे उत्पन्न 7,20,000 अधिक 9,00,000 वजा 75,000, म्हणजे 15,45,000. त्यावर सेस धरून कर 1,16,220. जुन्या कंपनीने कापलेले 44,070 वजा केले की उरतात 72,150. सहा महिन्यांत महिना 12,025. आम्ही मात्र उत्पन्न 14,70,000 धरले आणि महिना 10,075 कापत राहिलो. कुणाला काही खटकले नाही, कारण आकडा वेडावाकडा दिसत नव्हता. मला सर्वांत जास्त चिंता याच चुकीची वाटते. जुना पगार अजिबात धरला नसता तर आमच्याकडचे 8,25,000 कलम 87ए च्या सवलतीत बसले असते, कर शून्य आला असता आणि कुणीतरी विचारले असते. 1,950 चा फरक कोण विचारणार?

विचारले तिनेच, जानेवारीच्या पगारानंतर. चार महिन्यांत 40,300 कापून झाले होते. राहिलेले 31,850 फेब्रुवारी-मार्चमध्ये कापावे लागले, महिना 15,925. तिने घरभाड्याची अनामत त्याच महिन्यात भरायची ठरवली होती. कागद तिने बरोबर दिले होते आणि ओढाताणही तिचीच झाली. ते मला आजही लागते.

म्हणून माझा आग्रह असा: फॉर्म 16 च्या भाग ब मध्ये ओळ 3 पाहा, सूट मिळालेले भत्ते वजा केल्यानंतरचा पगार. ओळ 6 नाही, तिथे स्टँडर्ड डिडक्शन गेलेले असते. तक्ता वेगळ्या नमुन्यात असेल तर 75,000 कुठे वजा झालेत ते बोट ठेवून शोधा आणि त्याच्या वरचा आकडा घ्या.

आयोजक घड्याळ दाखवताहेत, तेव्हा उरलेले झटपट सांगतो.

ओळ 3 लाही एक अपवाद आहे. माणूस तिकडे जुन्या करप्रणालीत होता आणि तुमच्याकडे नव्या प्रणालीत आला, तर तिकडे मिळालेली घरभाडे भत्त्याची सूट आता चालत नाही. तेव्हा ओळ 1(d), म्हणजे एकूण पगार घ्या आणि नव्या प्रणालीत चालणारी सूट असेल तेवढीच त्यातून वजा करा.

टीडीएससाठी ‘देय कर’ ही ओळ घेऊ नका, ‘कापलेला कर’ घ्या. देय कर हा वर्षभराचा अंदाज असू शकतो. आमच्याच उदाहरणात जुन्या कंपनीचा वर्षाचा अंदाज 88,140 होता, कापले त्याच्या निम्मे.

कागदाबद्दल. वर्षाच्या मध्ये आलेल्याकडे फॉर्म 16 नसतोच. तो पुढच्या जूनमध्ये मिळतो. शेवटची पगार-स्लिप पुरत नाही, कारण अंतिम हिशेबात रजेचे पैसे वाढतात. कधी जुनी कंपनी सहाच महिन्यांचा पगार धरून कर पुन्हा मोजते आणि कापलेला टीडीएस परतही करते. म्हणून अंतिम सेटलमेंटचा तक्ता मागा, आणि तो यायचा असेल तर 12बी तात्पुरता धरून नोंद ठेवा.

ताळा 26एएस शी घाला, पण ऑक्टोबरमध्ये नाही. जुलै ते सप्टेंबरच्या तिमाहीचे विवरण भरायची मुदत 31 ऑक्टोबर असते, त्याआधी तो टीडीएस तिथे बहुधा दिसत नाही. मी नोव्हेंबरच्या मध्यावर कर्मचाऱ्याकडून नवी प्रत मागवतो. तिथला आकडा 12बी पेक्षा कमी निघाला, तर डिसेंबरच्या पगाराआधी जुन्या कंपनीला पत्र लिहायला त्याला सांगतो.