प्रवेश रद्द केल्यावर फी किती परत मिळते?

श्रोतेहो, नमस्कार. एका कॉलेजात फी भरली आणि मग दुसरीकडे नंबर लागला, तर पहिल्या कॉलेजाकडून किती पैसे परत मिळतील हे एका तारखेवर ठरतं. ती म्हणजे प्रवेशाची जाहीर केलेली अंतिम तारीख. वर्ग सुरू झाल्याची किंवा तुम्ही फी भरल्याची तारीख नव्हे. माहितीपुस्तिकेत किंवा सूचनाफलकावर ती शोधा आणि तिचा फोटो काढून ठेवा.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमानुसार, या तारखेच्या १५ किंवा अधिक दिवस आधी प्रवेश रद्द करण्याचा अर्ज दिला तर पूर्ण फी परत मिळते. प्रक्रिया खर्च म्हणून फीच्या ५ टक्क्यांपर्यंत, आणि तेही ५,००० रुपयांपेक्षा जास्त नाही, एवढं कापता येतं. अंतिम तारखेला १५ पेक्षा कमी दिवस उरले असतील तर ९० टक्के. तारीख उलटल्यावर पहिल्या १५ दिवसांत ८० टक्के, ३० दिवसांपर्यंत ५० टक्के, आणि त्यानंतर काहीच नाही.

समजा, तुम्ही ६०,००० रुपये भरले. त्यात ५५,००० फी आणि ५,००० अनामत. अंतिम तारीख ३१ जुलै. १२ ऑगस्टला अर्ज दिला, तर ५५,०००चे ८० टक्के म्हणजे ४४,००० आणि वर अनामत, एकूण ४९,०००. अनामत फीमध्ये धरत नाहीत, ती पूर्ण परत करावी लागते. तोच अर्ज २० ऑगस्टला गेला, तर हातात ३२,५००च येतात. आठ दिवसांत साडेसोळा हजारांचा फरक!

आणि घोळ होतो तो नेमका इथेच. पालक कार्यालयात तोंडी सांगून येतात, ‘पुढच्या आठवड्यात या’ असं ऐकून परततात, आणि हिशेबात मात्र लेखी अर्ज मिळाल्याचीच तारीख धरली जाते. म्हणून कार्यालयात पहिल्यांदा जातानाच अर्जाच्या दोन प्रती न्या. एक द्या, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. अर्जात पावती क्रमांक आणि बँक खातं लिहा. शिक्का द्यायला टाळाटाळ झाली, तर त्याच दिवशी कॉलेजच्या अधिकृत ईमेलवर अर्ज पाठवा.

दावा करण्याआधी आयोगाने त्या वर्षासाठी वेगळं परिपत्रक काढलंय का, तेही बघा. २०२४-२५ साठी ३० सप्टेंबरपर्यंत पूर्ण परतावा होता, आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत जास्तीत जास्त १,००० रुपये कापून. अभियांत्रिकीसारख्या अभ्यासक्रमांना मात्र वेगळे नियम असतात. तिथे प्रवेशप्रक्रियेची माहितीपुस्तिकाच वाचावी लागते.

अर्ज मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे परत करणं कॉलेजला बंधनकारक आहे. मूळ गुणपत्रिका किंवा दाखला अडवून ठेवता येत नाही. मुदत उलटली, तर शिक्का असलेली प्रत आणि फीची पावती जोडून आयोगाच्या ई-समाधान पोर्टलवर तक्रार नोंदवा.