४९९ ची टेस्ट राहू द्या, आधी तिसरं पाकीट टेस्ट करा

नमस्कार. आज इथे बसलेले बहुतेक जण घरून किंवा छोट्या युनिटमधून मसाले, लोणची, साबण असं काहीतरी ऑनलाइन विकतात, आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो, की ५०० लावू का ४९९? बाटाच्या ९९ रुपये ९५ पैशांपासून आपण हे बघत आलोय त्यामुळे प्रश्न साहजिक आहे.

तर ९ चा परिणाम खरा आहे. अमेरिकेत अँडरसन आणि सिमेस्टर या दोन संशोधकांनी बायकांच्या कपड्यांच्या कॅटलॉगवर प्रयोग केला, २००३ साली तो छापून आला. तोच ड्रेस काही गिऱ्हाइकांना ३४ डॉलरला दाखवला, काहींना ३९ ला, काहींना ४४ ला. ३४ वाले १६ खपले, ४४ वाले १७ आणि ३९ वाले २१. म्हणजे ३४ पेक्षा ५ डॉलर महाग असूनसुद्धा ३९ ला जास्त गेले. पण ९ कुठेही लावला की झालं असं नाहीये. आपण आकडा डावीकडून वाचतो, म्हणून ५०० चे ४९९ केले की पहिला आकडाच बदलतो आणि किंमत कमी वाटते, ४६० चे ४५९ केले तर डावीकडचा ४ तसाच राहतो आणि फारसा फरक पडत नाही.

आता खरी अडचण सांगते. तुमच्या दुकानात हे तुम्ही मोजू शकत नाही. समजा साइटवर आलेल्या १०० लोकांतले २ जण घेतात, आणि ९ मुळे हा आकडा २ वरून २.४ होईल अशी तुमची आशा आहे, जी खरंतर खूप मोठी आशा आहे. हा फरक योगायोग नाही हे खात्रीने कळायला प्रत्येक किमतीला साधारण २१ हजार लोकांनी पान बघायला हवं, दोन्ही मिळून ४२ हजार. रोज १०० लोक येत असतील तर वर्ष उलटून जाईल, आणि मध्ये दिवाळी, लग्नसराई, पगाराचा आठवडा सगळं येऊन जाणार. म्हणून ५०० चे ४९९ करायचे असतील तर सरळ करून टाका. एक रुपया जातोय, ऑर्डरमागे २०० रुपये सुटत असतील तर अर्धा टक्का ऑर्डरी वाढल्या तरी भरपाई होते, टेस्टची गरजच नाही. फक्त फ्री शिपिंगची मर्यादा ५०० ठेवली असेल तर ती पण ४९९ वर आणा, नाहीतर माणूस शेवटच्या पानावर डिलिव्हरी चार्ज बघून तिथूनच परत जातो.

टेस्ट करण्यासारखी गोष्ट दुसरी आहे, डिकॉय, म्हणजे शेजारचा पर्याय बरा वाटावा म्हणून मुद्दाम ठेवलेला पर्याय. सगळ्यात गाजलेलं उदाहरण माणसं निर्णय कसे घेतात याचा अभ्यास करणारे डॅन एरिएली सांगतात, द इकॉनॉमिस्ट या साप्ताहिकाच्या वर्गणीचं. फक्त वेब ५९ डॉलर, फक्त छापील १२५, आणि छापील अधिक वेब तेही १२५. मधला पर्याय १०० विद्यार्थ्यांपैकी एकानेही निवडला नाही, पण तो होता तेव्हा ८४ जणांनी महागडा घेतला आणि तो काढल्यावर फक्त ३२ जणांनी. कोणी न घेतलेल्या पर्यायाने शेजारच्या पर्यायाची किंमत वाजवी वाटायला लावली.

आपण गोडा मसाला घेऊ. २०० ग्रॅम २१० रुपये, ५०० ग्रॅम ४३० रुपये. मध्ये तिसरं पाकीट, ४०० ग्रॅम ४१० रुपये. बघा, २० रुपये जास्त दिले की १०० ग्रॅम जास्त मिळतो, म्हणजे ५०० चं पाकीट लगेच नजरेत भरतं. आणि एक हिशोब आधीच करून ठेवा, छोटी दोन पाकिटं ४२० ला पडतात, म्हणजे ४०० वाल्यापेक्षा महाग, हे उलटं झालं तर हुशार गिऱ्हाईक दोन छोटी घेणार आणि सगळा डाव फसणार. सगळे भाव छापील एमआरपीच्या आतच हवेत. आणि ४०० चं पाकीट खरंच स्टॉकमध्ये असलं पाहिजे, कोणी मागवलं तर तेच पाठवायचं. नुसतं दाखवायला ठेवलेला माल ही फसवणूक आहे, २०२३ च्या डार्क पॅटर्नच्या सरकारी नियमावलीत असं आमिष दाखवणं स्पष्ट बंद केलंय, आणि नियम नसता तरी मी नकोच म्हटलं असतं.

ही टेस्ट छोट्या दुकानाला झेपते, आणि मला ती आवडते कारण यात कोणालाच वेगळा भाव लागत नाही. ४९९ आणि ५२० असे दोन भाव दोन लोकांना दाखवले की व्हॉट्सअ‍ॅपवर स्क्रीनशॉट फिरतात. इथे छोट्या-मोठ्या पाकिटाचा भाव सगळ्यांना सारखा, फक्त मधलं पाकीट अर्ध्या लोकांना दिसतं, अर्ध्यांना नाही. वाटणी ब्राउझरमधल्या कुकीवर करा म्हणजे तोच माणूस परत आला तर त्याला तेच पान दिसेल. आणि तिन्ही पाकिटं वजन-भावासकट शेजारी शेजारी दिसली पाहिजेत. मोबाइलवर ती ड्रॉपडाउनमध्ये लपली असतील तर तुलनाच होत नाही, मग डिकॉय कसला. नुसते पाकिटांचे फोटो असतील तरी परिणाम ढिला पडतो, आकडे हवेत.

आता मोजणी. समजा दोन्ही बाजूंना ५ हजार लोक आले. दोन पर्यायांच्या पानावर १२० ऑर्डरी, त्यात ८४ छोटी, ३६ मोठी. तीन पर्यायांच्या पानावर ११८ ऑर्डरी, ५७ छोटी, ५ मधली, ५६ मोठी. मोठ्या पाकिटाचे ३६ आणि ५६. बेरीज ९२, वर्गमूळ साधारण ९.६, दुप्पट १९.२. फरक २०, म्हणजे या १९.२ च्या जरा वर, तेव्हा नुसत्या योगायोगाने असं होणं अवघड. कागदावर होणारा हिशोब आहे, सॉफ्टवेअर नको, फक्त दोन्हीकडे माणसं सारखी आली असली पाहिजेत.

मग नफा. छोट्यावर ६०, मधल्यावर १४०, मोठ्यावर १५० सुटतात असं धरा. पहिल्या पानाचे १०,४४० रुपये, दुसऱ्याचे १२,५२०. कुरिअरचा खर्च वजनाच्या प्रमाणात वाढत नाही म्हणून मोठ्या पाकिटात एवढं सुटतं. पण ऑर्डरींचे १२० आणि ११८ बघून "गिऱ्हाईक कमी झालं नाही" असं लगेच म्हणू नका, त्याच रीतीने काढलं तर २३८ चं वर्गमूळ दुप्पट केल्यावर ३१ येतात, म्हणजे वीसेक ऑर्डरींची खरी घट सुद्धा या आकड्यांत लपू शकते. म्हणून निकाल लावायचा तो पान बघणाऱ्या माणसामागे किती नफा झाला यावर, नुसत्या मोठ्या पाकिटांवर नाही.

कॅश ऑन डिलिव्हरीवाले सगळ्यात जास्त इथेच घोळ घालतात. ऑर्डर आली म्हणजे विक्री झाली नाही, पार्सल परत आलं तर दोन्हीकडचं कुरिअर तुमच्या खिशातून जातं आणि मोठ्या रकमेचं पार्सल दारात नाकारलं जाण्याची शक्यता धरूनच चाला. पोचलेल्या आणि पैसे आलेल्या ऑर्डरीच मोजा. टेस्ट कधी संपवायची ते आधीच लिहून ठेवा, उदाहरणार्थ दोन्हीकडे १०० ऑर्डरी पोचल्यावर, रोज डोकावून मनासारखा आकडा दिसला की थांबलात तर योगायोगच जिंकतो.

आणि आणखी एक गोष्ट जी पहिल्या महिन्यात दिसतच नाही, ५०० ग्रॅम मसाला घरात जास्त दिवस पुरतो त्यामुळे तो माणूस पुढच्या वेळी उशिरा येणार. आज दिसलेला वाढीव नफा काही अंशी पुढच्या ऑर्डरीचाच असू शकतो. दोन्ही गटांतल्या गिऱ्हाइकांच्या फोन नंबरवरून पुढचे सहा महिने त्यांची एकूण खरेदी जोडत जा, आणि मधलं पाकीट कायम ठेवायचं की नाही ते त्या बेरजेवरून ठरवा.