शिट्टीतून उडणारे वरण आणि तीस सेकंदांचा संवाद

(ठाण्यातील रील-लेखन कार्यशाळेत दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नव्या कुकरवरच्या बहुतेक संहितांत एक शेजारीण गुणांची यादी वाचते आणि दुसरी ‘अय्या, खरंच?’ म्हणत राहते. असा संवाद कुणी शेवटपर्यंत ऐकत नाही. त्याऐवजी एकच अडचण घ्यावी. घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीतल्या या दोघींचे बोलणे पाहा.

‘अगं प्राची, सकाळी सकाळी टाइल्स काय पुसतेस?’

‘काय करू काकू, शिट्टी झाली की वरणाचं पाणी भिंतीपर्यंत उडतं.’

‘माझ्या नव्या कुकरचं झाकण बघ. शिट्टीभोवती खोलगट आहे, वर आलेलं पाणी इथेच साचतं.’

‘म्हणजे डाळ जास्त घातली तरी चालेल?’

‘छे गं! पाण्यासकट अर्ध्याच्या वर कधीच नाही.’

सावकाश बोलले तरी हे तीस सेकंदांत बसते. यातला प्राचीचा शेवटचा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण पाहणाऱ्याच्या मनातला गैरसमज तिथे बोलला जातो आणि तिथल्या तिथे खोडलाही जातो. डाळ शिजताना तिच्यातील प्रथिने व स्टार्च यांमुळे फेस येतो. कुकर अधिक भरलेला असला की तो फेस वाफेबरोबर शिट्टीच्या नळीत शिरतो. खोलगट झाकण बाहेर आलेले पाणी अडवते, नळीत जाणारा फेस अडवत नाही. तो नळीत वाळून बसला तर वाफेची वाट अडते, आतला दाब वाढत जातो आणि मग सगळा भरवसा सेफ्टी व्हॉल्व्हवर राहतो. म्हणून ‘आता उतू जाण्याची चिंताच नको’ हे वाक्य कंपनीने कितीही आग्रह धरला तरी लिहू नये. त्याऐवजी काकू झाकण धुतल्यावर नळी खिडकीच्या उजेडाकडे धरून आरपार दिसते का हे पाहतात, एवढे दृश्य संवादाशिवाय दाखवावे. काकूंच्या हातात ते शोभतेही.

चित्रीकरणातली एक गफलत मात्र संहितेतच टाळावी लागते. शिट्टी वाजली आणि लगेच झाकण उघडले, असे दोन शॉट जोडले की मधला वेळ नाहीसा होतो. प्रत्यक्षात आतले तापमान सुमारे १२० अंश सेल्सिअस असते. दाब उतरण्याआधी झाकण जबरदस्तीने उघडले तर उकळते वरण अंगावर येते. तेव्हा मध्ये प्राचीला एक वाक्य द्यावे: ‘थांबा काकू, अजून वाफ आहे.’ तेवढ्या वेळात काकूंनी शिट्टी चिमट्याने किंचित उचलून पाहावी आणि फुस्स असा आवाज आला तर ती पुन्हा खाली सोडावी. झाकणाचा शॉट त्यानंतरच, आवाज येईनासा झाल्यावर घ्यावा.